‘दोन-चार वर घाल’ म्हणजे नक्की किती?

आमच्या वास्कोच्या मासळी बाजारात बांगडे वाट्यावर घेतात. तिथल्या घासाघिशीत ‘दोन-चार’ हा आकडा फार मोठं काम करतो, असं माझं मत.

समजा, सहा बांगड्यांचा वाटा शंभराला आहे. आपण म्हणतो, "ऐंशीला दे गो बाय." ती मान हलवते. मग आपण म्हणतो, "बरं, दोन-चार वर घाल." ती दोन घालते. आपल्या मनात चार असतात, पण ती खोटी ठरत नाही, कारण दोनही त्यात बसतात. अशा जोडशब्दात विकणारी पहिला आकडा ऐकते, घेणारा दुसरा.

तरी तोटा आपला नाही. ऐंशीला सहा म्हणजे बांगडा सव्वातेराच्या थोडा वर पडला असता, शंभराला आठ म्हणजे साडेबाराला. तिचा भाव मोडत नाही, आपला मानही राहतो.

फक्त वर पडलेले दोन बारके नाहीत ना, एवढं बघा. बारके असतील तर हा हिशोब फसतो. म्हणून भाव ठरला की ‘दोन-चार’ सोडा, बोट दाखवून सांगा, "ते दोन घाल."

तुमच्याकडे ‘दोन-चार’ म्हणजे किती?