पान येईलच म्हणे!

देवगिरी एक्सप्रेसमध्ये हमखास एक रमीबहाद्दर भेटतो. हातात बदाम पंजी नि सत्ती, मधली छक्की नाही, आणि साहेब छातीठोकपणे सांगणार, "येतेच बघ!"

अरे, कशी येते? दोन कॅट, दोन छापील जोकर, म्हणजे १०६ पानं. तुमची १३, उघडं पान आणि कट जोकर सोडले तर न दिसलेली पानं ९१, त्यात बदाम छक्क्या दोनच. गड्डीत ७८ पानं आहेत म्हणून ७८ ने भागू नका राव, छक्की समोरच्याच्या हातातही असू शकते. पुढचंच पान छक्की असण्याची शक्यता २/९१, म्हणजे जेमतेम २.२ टक्के. दहा पानं उचललीत तरी २१ टक्के!

"दहा वेळा नाही आली, आता येणारच" हे तर निव्वळ थोतांड. अकराव्या वेळी २/८१, म्हणजे अडीच टक्के.

त्यापेक्षा बदाम छक्की-सत्ती धरा. पंजी किंवा अठ्ठी, चार पानं चालतात, दहा उचलींत ३८ टक्के. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं ते पानं लक्षात ठेवणं, धरणं, टाकणं यासाठी. पंजी-सत्ती कवटाळून बसण्यात कसलं आलंय कौशल्य?