‘स’चा ‘ह’ केला की अवेस्ता वाचता येत नाही

मिहिर यश्ताच्या सहाव्या कडव्यातली एक ओळ इतिहासप्रेमींच्या वर्तुळात वारंवार फिरत असते. वर रोमन लिपीतील अवेस्तन, खाली देवनागरीतील संस्कृत आणि मध्ये ठसठशीत बरोबरचे चिन्ह. त्याखाली निकाल ठरलेला असतो : अवेस्तन म्हणजे उच्चार बिघडलेले संस्कृत, ‘स’च्या जागी ‘ह’ ठेवला की झाले.

ती तुलना कोणा अडाण्याने रचलेली नाही. ए. व्ही. विल्यम्स जॅक्सन यांनी 1892 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवेस्तन व्याकरणात ती आहे. दोन भाषांमधील ध्वनींचे नियमबद्ध नाते दाखवणे एवढाच तिचा हेतू होता. एका व्याकरणकाराने नात्याचा पुरावा म्हणून मांडलेली ओळ एकरूपतेचा पुरावा म्हणून फिरवली जाते, तेव्हा वाचणाऱ्याने शब्दांची मुळे पाहिलेली असतात, शब्दांचे शेवट पाहिलेले नसतात. भाषेचा कारभार मात्र शेवटाला, म्हणजे विभक्तीप्रत्ययात, चालतो.

त्या ओळीचा शेवटचा शब्द घ्यावा : `zaoθrābyō`. याचे मूळ रूप `zaoθrā`, म्हणजे यज्ञात ओतायचे द्रव्य. संस्कृत ‘हु’ धातूशी त्याचे नाते आहे. येथेच पहिली गंमत दिसते. अवेस्तनात `z` आहे आणि ‘ह’ संस्कृतात आहे. ‘पारशांनी स चा ह केला’ हे सूत्र घेऊन आलेल्याला या शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर थांबावे लागते.

आता शेवट. `-byō` म्हणजे संस्कृतातील ‘-भ्यः’, चतुर्थी आणि पंचमीचे अनेकवचन. शाळेत ‘मालाभ्यः’ घोकलेल्या कोणालाही ते ओळखू येईल. त्यामुळे बरोबरच्या चिन्हाखाली ‘होत्राभ्यः’ लिहिले जाते आणि टाळ्या पडतात. पण ‘होत्राभ्यः’ या संस्कृत रूपाचा अर्थ ‘आहुतींसाठी’ किंवा ‘आहुतींपासून’. ओळीचा आशय ‘मिथ्राचे आहुतींनी यजन करीन’ असा आहे, आणि प्रचलित भाषांतरे तो तसाच घेतात. संस्कृतात त्यासाठी तृतीया लागेल : होत्राभिः. म्हणजे जी ओळ ‘हे तर संस्कृतच’ म्हणून दाखवली जाते, तिचा शेवटचा शब्द अक्षरश: संस्कृत करताच वाक्य मोडते.

हा अर्थ तृतीयेचाच, हे कशावरून? त्यासाठी कोणाच्या अधिकारवाणीची गरज नाही, तेच कडवे पुढे वाचावे लागते. फिरणाऱ्या चित्रात ओळ या शब्दाशी कापलेली असते. मूळ कडव्यात काही ओळींनंतर यजनाच्या साधनांची यादी येते. तिच्यात `barəsmana` आहे, म्हणजे ‘बरस्मनने’, विधीतील काड्यांच्या जुडीने. ते नि:संशय तृतीया एकवचन. याच यादीत पुढे `zaoθrābyasca` येते, ‘आणि आहुतींनी’. तृतीयांच्या रांगेत उभा असलेला `-byas-` तृतीयेचेच काम करतो आहे. उत्तरकालीन अवेस्तनात अनेकवचनाच्या या विभक्ती एकमेकींच्या हद्दीत शिरलेल्या दिसतात. संस्कृतात ती भिंत शाबूत राहिली. प्रत्यय तोच आणि काम निराळे, ही दोन भाषांमधली खरी गोष्ट आहे, आणि बरोबरचे चिन्ह नेमकी तीच झाकते.

`zaoθrābyō` आणि `zaoθrābyasca` ही रूपे शेजारी ठेवली की आणखी एक जुना धागा हाती लागतो. शब्द एकटा असताना शेवट `-ō`, पण मागे ‘च’ लागताच `-as` परत प्रकट होतो. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘देवः’ पुढे मृदू व्यंजन आले की ‘देवो’ आणि ‘च’ आला की ‘देवश्च’, हा विसर्गसंधी त्याने पाठ केलेला असतो. संस्कृतात हा बदल पुढच्या ध्वनीवर अवलंबून राहिला. अवेस्तनात ‘ओ’ हे एकट्या शब्दाचे कायमचे रूप झाले आणि जुना ‘स’ तेवढा ‘च’च्या आडोशाला टिकला. `ahurō` आणि `ahurasca` ही जोडीही तशीच. म्हणजे ‘स’ काही ठिकाणी ‘ह’ होतो, शब्दाच्या शेवटी ‘अ’सह ‘ओ’त विरतो आणि ‘च’पूर्वी जसाच्या तसा राहतो. त्याची जागा पाहिल्याशिवाय त्याचे काय झाले हे सांगता येत नाही.

त्याच कडव्यात `surunvata yasna` अशी जोडी आहे. फक्त लिप्यंतर हाती असलेल्या वाचकाची खरी कसोटी येथे लागते. `yasna` पाहताच ‘यज्ञ’ आठवतो, आणि शेवटी काहीच दिसत नसल्याने तो शब्द मूळ रूपात, विभक्तीवाचून पडला आहे असे वाटते. संस्कृत थोडे अधिक जाणणारा त्याला संबोधन म्हणेल : हे यज्ञा! दोन्ही वाचने चूक आहेत. ही तृतीया आहे, ‘यज्ञाने’. अकारान्त नामाच्या तृतीयेचा जुना प्रत्यय नुसता ‘-आ’ होता. ‘यज्ञेन’मधला ‘-एन’ संस्कृतात पुढे सर्वत्र रूढ झाला, पण ऋग्वेदातले ‘महित्वा’ हे रूप त्या जुन्या ‘-आ’ची साक्ष देते. अवेस्तनाने तो जुना प्रत्यय नामांत सांभाळला. उत्तरकालीन अवेस्तनात अनेकाक्षरी शब्दाच्या शेवटचा ‘आ’ ऱ्हस्व लिहिला जातो, म्हणून `yasnā`चे `yasna` झाले आणि ते संबोधनासारखे दिसू लागले.

मग ओळखायचे कसे? शेजारच्या शब्दावरून. `surunvata` हे त्याचे विशेषण, ‘ऐकू जाईल अशा’. ते व्यंजनान्त आहे, संस्कृत ‘शृण्वता’च्या घडणीचे, आणि त्याचा `-ata` हा शेवट संबोधनाचा असू शकत नाही. विशेषण तृतीयेत असेल तर नामही तृतीयेतच असले पाहिजे. अकारान्त शब्द संदिग्ध असला की त्याच्याशी जुळणारा व्यंजनान्त शब्द शोधावा, कारण व्यंजनान्ताचे शेवट एवढ्या सहजपणे एकमेकांत मिसळत नाहीत. अनुभवी वाचक मुळाक्षरे जुळवत बसत नाही, तो असे साक्षीदार शोधतो.

ऱ्हस्व-दीर्घाच्या या प्रश्नामुळेच ओळीचा संदर्भक्रमांक नसलेले लिप्यंतर जवळपास निरुपयोगी ठरते. यश्ते उत्तरकालीन अवेस्तनात आहेत. गाथा, म्हणजे यस्नाचे 28 ते 34, 43 ते 51 आणि 53 हे अध्याय, प्राचीन अवेस्तनात आहेत, आणि तेथे शब्दाच्या शेवटचा प्रत्येक स्वर दीर्घ लिहिलेला असतो. म्हणून गाथांतील `ahurā` पाहून ‘दीर्घ आहे, तेव्हा तृतीया’ असे म्हणता येत नाही, ते संबोधनही असू शकते. यश्तांत ऱ्हस्व फसवतो, गाथांत दीर्घ. ओळ कोठली हे ठाऊक नसेल तर शेवटच्या स्वरावर बांधलेला कोणताही तर्क हवेत असतो.

याउलट टोकाला एक दुसरा पंथ आहे. मूळ लिपी येत नसेल तर अवेस्तेला हातच लावू नये, लिप्यंतरावर बोलणे म्हणजे उष्टे खाणे, असे तो बजावतो. हा सोवळेपणा निराधार आहे. ग्रंथ शतकानुशतके मुखपरंपरेने चालत आला. त्याची लिपी सासानी काळात पहलवी लिपीच्या आधारे मुद्दाम घडवली गेली, आणि ती उच्चारातील बारकावे टिपण्यासाठी. पन्नासहून अधिक अक्षरांची ही लिपी स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घही वेगळे दाखवते. प्रत्येक अक्षराला रोमन चिन्ह नेमून दिलेले लिप्यंतर जवळजवळ काहीच गमावत नाही. शिवाय गाथांची जी जुनी हस्तलिखिते आज आधाराला आहेत, त्यांतली दोन महत्त्वाची हस्तलिखिते 1323 साली खंबायतेत मेहरबान कैखुसरो याने लिहिली. ‘मूळ लिपी’ म्हणून ज्याची पूजा बांधायची तेही रचनेच्या काळापासून फार दूरचे लेखन आहे.

दोष लिप्यंतराचा नसतो, सोललेल्या लिप्यंतराचा असतो. कळफलकावर सोयीचे नाही म्हणून डोक्यावरच्या रेघा आणि वर्तुळे गाळली जातात आणि `zaothrabyo` उरते. तेथे निदान `-abyo` वरून आकारान्त स्त्रीलिंगी नाम ओळखता येते, कारण अकारान्ताला ‘देवेभ्यः’प्रमाणे `-aēibyō` लागला असता. अंगावरचे दागिने उतरले तरी चेहरा ओळखू येतो, तसे. गाथांतील `mazda` मात्र पूर्ण गारद होतो. `mazdā` हे संबोधन असू शकते, तर `mazdå` ही प्रथमा किंवा षष्ठी. वरचे इवलेसे वर्तुळ गेले की जरथुष्ट्र मज्दाला हाक मारतो आहे, मज्दाविषयी बोलतो आहे, की मज्दाच्या एखाद्या गोष्टीविषयी, हे त्या शब्दावरून कळेनासे होते. वर्तुळ शाबूत असले तरी प्रथमा आणि षष्ठी यांतला निवाडा सोबतच्या शब्दाने होतो : `ahurō` असेल तर प्रथमा, `ahurahyā` असेल तर षष्ठी.

याच `ahurahyā`चे लेखन नव्या पुस्तकांत `ahurahiiā` असे दिसते आणि `surunvata`चे `surunuuata`. हे पाठभेद नव्हेत. शब्दाच्या मध्ये येणारे ‘य’ आणि ‘व’ अवेस्तन लिपीत जोड-इ, जोड-उ असे लिहितात. जुनी पद्धत उच्चार देते, कार्ल हॉफमन यांच्या अभ्यासातून रूढ झालेली नवी पद्धत अक्षरे देते. दोन संकेतस्थळांवरून उचललेली रूपे एका ओळीत मिसळून त्यातून ‘प्रादेशिक बोली’ शोधणारे वीर आढळतात, म्हणून एवढे सांगावे लागते.

‘बिघडलेले संस्कृत’ म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचे उत्तर द्यावे. नेर्योसंग धवल या पारशी पंडिताने मध्ययुगात भारतात बसून यस्नाचे संस्कृत भाषांतर केले. अवेस्तन त्याच्या धर्माची भाषा होती आणि संस्कृत त्याला येत होते. अक्षरे बदलून काम भागत असते तर ते त्याच्याइतके सहज कोणालाच साधले नसते. प्रत्यक्षात त्याने पहलवी भाषांतराचा आधार घेतला आणि त्यावरून संस्कृत रचले. पुढे मुंबईत कावसजी एदलजी कांगा यांनी 1891 मध्ये संस्कृताशी तुलना करणारे अवेस्तन व्याकरण छापले, तेव्हा तेही बरोबरच्या चिन्हावर थांबले नाहीत, त्यांना विभक्तींचे तक्ते द्यावे लागले.