नकाराचा रकाना

तारापूर एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात रजेच्या अर्जाचा नमुना ठरवताना ‘कारण’ या रकान्याला सर्वात मोठी जागा मिळते. माझ्या मते तिथे ‘आजारपण’ की ‘पगारी रजा’ एवढी खूण पुरे. भातलावणी की लग्न, ही चौकशी कशाला? खरी जागा हवी ती अर्ज मिळाल्याच्या तारखेला आणि ‘नामंजूर’ या शेऱ्याला. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार न घेतलेली रजा पुढल्या वर्षी ३० दिवसांपर्यंतच नेता येत असे, पण रीतसर मागून नाकारलेल्या रजेला ही मर्यादा नव्हती. नव्या कामगार संहितेनेही ही तरतूद राखली आहे. समजा, वर्षअखेर कामगाराच्या खाती ३४ दिवस आहेत आणि त्यांतले सहा त्याने जुलैत लावणीसाठी मागितले होते. सुपरवायझरने तोंडी ‘आत्ता नाही’ म्हटलं असेल, तर चार दिवस पुढे जात नाहीत. सहीनिशी नकार असेल, तर चौतीसही शाबूत. मालक म्हणतील, हा तर आमच्याविरुद्धचा पुरावा! असेलही. पण वेळेत अर्ज आला नव्हता, हे मालकाला दाखवायचं झालं, तर तेही याच कागदावरच्या तारखेवरून.