नवा लॅपटॉप नंतर घ्या, आधी दुखणं ओळखा

टाइमलाइनवर ॲनिमेशन अडखळायला लागलं की इथे मित्रमंडळी एकसुरात सांगतात, "अरे, सेल लागलाय, नवा लॅपटॉप घेऊन टाक!" तपासणीआधीच शस्त्रक्रिया सुचवणारा हा सल्ला मला मान्य नाही. आणि 'प्रीव्ह्यू पाव करा, काम होईल' हा दुसरा सल्लाही अर्धवटच आहे.

तुम्हीच हिशेब करून पाहा. दोन मिनिटांची फिल्म, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 2,880 चित्रं. 1920 बाय 1080 आकाराची, पारदर्शकतेसह, न दाबलेली 16 बिट ईएक्सआर फ्रेम सुमारे 16.6 मेगाबाइटची असते. म्हणजे सेकंदाला जवळपास 400 मेगाबाइट वाचायला हवेत. जुनी फिरती हार्ड डिस्क जेमतेम 100 ते 150 देते. तुम्ही प्रीव्ह्यू पाव केलात तरी बहुधा आख्खी फ्रेम डिस्कवरून यावीच लागते. फक्त ती आल्यानंतरचं थर जोडण्याचं आणि इफेक्टचं गणित हलकं होतं.

म्हणून आधी प्रीव्ह्यू पाव करा आणि टास्क मॅनेजर उघडा. अडखळणं थांबलं, तर दुखणं इफेक्टचं होतं, तेवढ्यावर भागेल. थांबलं नाही आणि डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर इलाज प्रॉक्सी.

प्रॉक्सी म्हणजे त्याच शॉटची हलकी प्रत. ती 1080मध्येच DNxHR LB या प्रकारात केलीत, तर सेकंदाला साधारण साडेचार मेगाबाइट लागतात. सुमारे 48 गिगाबाइटची फिल्म अर्ध्या गिगाबाइटवर येते. जागा वाचते म्हणून प्रॉक्सीसाठी एच.264 घेऊ नका. त्यात बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे मागेपुढे सरकवताना जुना प्रोसेसर पुन्हा धापा टाकतो.

एक खड्डा मात्र आहे. DNxHR LB पारदर्शकता ठेवत नाही. पार्श्वभूमीवर पात्राभोवती काळा चौकोन दिसला, तर कारण हेच समजा. अशा थरांसाठी पारदर्शकता ठेवणारं ProRes 4444 घ्या. ते जड आहे, पण मूळ फाइलपेक्षा खूपच हलकं. प्रॉक्सीची फ्रेमगती मूळ शॉटइतकीच ठेवा, नाहीतर ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

प्रॉक्सीवर कट आणि वेळ ठरवा. बारीक रेषांची थरथर आणि रंगांचे पट्टे मात्र मूळ फाइल लावून, एकेक फ्रेम थांबवूनच तपासा. एक्स्पोर्ट करताना Use Proxies वर खूण नाही ना, तेही बघा.

इतकं करूनही अडखळलं, तर खुशाल खर्च करा. पण तेव्हाही आधी एसएसडी, मग लॅपटॉप.