ओटीपी आला म्हणजे संमती मिळाली का?

आज गिऱ्हाईक मिळवण्याबद्दल नाही, तर पैसे परत देण्याबद्दल बोलूया.

समजा, वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत तुमचा ऑनलाइन चित्रकलेचा क्लास आहे, महिना 499 रुपये. एका पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलांचं कार्ड टाकलं, त्यांच्याच फोनवरचा ओटीपी वापरला आणि सबस्क्रिप्शन सुरू झालं. तीन महिन्यांनी वडिलांचा फोन येतो: "अहो, हे 1,497 रुपये कसले?"

तुम्ही म्हणाल, ओटीपी टाकलाय ना, मग माझी काय चूक? पण ओटीपीने एवढंच कळतं की फोन हातात होता. तो कोणाच्या हातात होता, हे कळत नाही. आणि आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाला करारच करता येत नाही. 1903 साली मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेही असा करार मुळातच रद्दबातल ठरवला.

बँकेकडे मात्र वडिलांची बाजू लंगडी पडते. ओटीपी घरातूनच गेला, त्यामुळे बँक हा ग्राहकाचा निष्काळजीपणा मानू शकते. म्हणून त्यांच्यासाठी सरळ वाट तुमच्याकडूनच जाते. माझं मत स्पष्ट आहे, पैसे परत करा. मुलाने क्लास पाहिला असेल तरीही. 1,497 रुपयांसाठी करार नसलेल्या व्यवहारावर अडून बसू नका.

पण परत करताना क्रम चुकवू नका. आधी विनंती कार्डधारकाकडूनच आली आहे का ते बघा. त्यासाठी कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि व्यवहाराच्या तारखा पुरेत. पूर्ण नंबर किंवा ओटीपी कधीच मागू नका. मग सबस्क्रिप्शन बंद करा, नाहीतर चौथा हप्ता कापला जाईल. त्यानंतर पेमेंट गेटवेमधून त्याच कार्डावर रिफंड टाका आणि रिफंडचा क्रमांक त्यांना कळवा.

इथे बरेच जण फसतात. "जीपे करून टाकतो," म्हणून पैसे वेगळे पाठवतात. वडिलांनी बँकेत आधीच वाद नोंदवला असेल, तर चार्जबॅकमध्ये तीच रक्कम पुन्हा कापली जाते आणि काही गेटवे वर दंडही लावतात. म्हणून आधी विचारा, "बँकेत तक्रार केलीय का?" केली असेल तर वेगळा रिफंड देऊ नका, गेटवेवर तो वाद मान्य करा.

पुढच्या वेळेसाठी फॉर्ममध्ये दोन प्रश्न घाला: वय किती, आणि कार्ड कोणाचं? वय 18 पेक्षा कमी असेल तर पालकांना स्वतः फोन करा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पेमेंटची लिंक पाठवा. हप्ता कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेकडून सूचना जावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहेच. पण तो मेसेज न वाचणारे खूप असतात.

तुमचा फॉर्म आज एकदा उघडून बघा. त्यात वयाचा रकाना आहे का?