भात द्यायचं, भाव तांदळाचा लावायचा

आमच्या कामोठ्यात सिडकोच्या इमारतींखाली भातखाचरं गेली, पण पनवेल तालुक्याच्या गावांत शेती राखून बसलेले मालक अजून आहेत आणि त्यांच्याकडे सालाने राबणारे गडीही. अशाच एका मालकाने मला अभिमानाने सांगितलं, "माझा गडी महिन्याला १२ हजार कमावतो." रोख विचारली, तर ९ हजार. बाकीचे ३ हजार म्हणे भाताचे.

भात किती? वर्षाला सहा क्विंटल. त्याने सहाशे किलोला कामोठ्याच्या दुकानातल्या ६० रुपये किलोच्या तांदळाचा भाव लावला, छत्तीस हजार काढले आणि बाराने भागले. हिशेब चोख, फक्त माल दुसऱ्याच दुकानातला!

गड्याच्या पदरात तांदूळ नाही, भात पडतं. तेही खळ्यावरून उचललेलं, ओलसर. उन्हात वाळवलं की सहाशेचं साडेपाचशे-पावणेसहाशे होतं. ५६० धरू. भरडल्यावर शंभर किलोला साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो, कणीसकट. बाकी तूस आणि कोंडा. म्हणजे ३६४ किलो. जाडा तांदूळ ४० रुपयांनी धरला, तर साडेचौदा हजार. त्यातून गिरणीवाल्याचे अकराशे वजा करा. उरले साडेतेरा हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला अकराशेच्या आसपास.

ताळा करायचा असेल, तर २०२५-२६ साठी साध्या भाताचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. वाळलेल्या ५६० किलोंना तो लावला, तरी तेरा हजारांच्या थोडं वरच उत्तर येतं. गड्याची खरी कमाई १० हजार १००, बारा नव्हे. मालकाने दरमहा एकोणीसशे रुपये न देताच दिले!

यावर मालक कायदा फेकतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने मजुरी रोख देण्याचा दंडक घातला होता. धान्याची रीत असेल तिथे सरकारच्या परवानगीने सूट होती. केंद्राच्या नियमांत धान्याची किंमत काढताना जवळच्या बाजारातला किरकोळ भाव बघायला सांगितलं होतं. बरोबर आहे. पण भाव दिलेल्या मालाचा बघायचा, मालकाच्या ताटातल्या मालाचा नाही.

किरकोळ भावालाही मर्यादा आहे. घरात खाल्लं जातं तेवढ्याला तो लावा, कारण तेवढं विकत घ्यावं लागलं असतं. खाऊन उरलेलं गडी दारावरच्या व्यापाऱ्याला विकतो, तेव्हा त्याला व्यापारी देईल तोच भाव खरा. शिवाय पावसाळ्यात राबलेल्याचं भात दिवाळीनंतर मिळतं. मधल्या महिन्यांत तो उचल घेतो आणि ती भातातूनच कापली जाते. मालकाच्या वहीत मात्र भात पूर्णच दिलेलं असतं.

मी हे सगळं मांडल्यावर मालक म्हणाला, "मग पुढच्या साली भात बंद, रोख देतो." किती, विचारलं. "अकराशे. तुम्हीच काढलात ना?" तीन हजारांचं भात रोखीवर येताच अकराशेचं झालं, आणि पठ्ठ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.