लेख तुमचा, पण पत्ता कुणाचा?

थीम कुठली, प्लगइन कुठलं, यावर मंडळी तासन् तास बोलतात. पण तुम्हाला महिन्याला दोन लेख टाकायचेत, बस्स! मग ब्लॉगर, वर्डप्रेस की सबस्टॅकसारखं न्यूजलेटर, याचा फैसला एकाच प्रश्नावर करा. उद्या कंपनीने शटर ओढलं, तर लेख आणि वाचक तुमच्याबरोबर येतील का?

ही उगाच भीती नाही. टाइपपॅडवर लोक वर्षानुवर्षं लिहीत होते. सप्टेंबर २०२५मध्ये ते बंद झालं आणि ज्यांचा पत्ता टाइपपॅडचा होता, त्यांच्या जुन्या लिंका मेल्या. स्वतःचं डोमेन असलेल्यांनी लेख दुसरीकडे हलवले आणि तोच पत्ता तिकडे वळवला.

म्हणून आधी डोमेन घ्या. वर्षाला साधारण हजारेक रुपये. ब्लॉगर ते फुकटात जोडू देतं. वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी पैसे भरायचा प्लॅन लागतो. सबस्टॅक एकदाच पन्नास डॉलर घेतं. स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस टाकलं, तर सगळं तुमच्या हातात, पण अपडेट, बॅकअप आणि स्पॅमही तुमच्याच गळ्यात. फक्त लिहिणाऱ्याने ही झंझट कशाला घ्यावी?

आता वाचक. ब्लॉगरवरून नवा लेख आपोआप वाचकांच्या इनबॉक्समध्ये जायची सोय २०२१मध्ये गेली. सबस्टॅकमध्ये ती मुळातच आहे आणि सगळ्या ईमेलची यादी कधीही फाइल म्हणून उतरवता येते. ती यादी हेच तुमचं खरं भांडवल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास फंडा. देवनागरी शीर्षक दिलं, की ब्लॉगर लिंकचं नाव blog-post.html असं काहीतरी ठेवतं. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण लिंक कॉपी करून पाठवली, की टक्क्यांच्या खुणांची मालगाडी होते. इलाज सोपा. लेख प्रसिद्ध करण्याआधी लिंकच्या रकान्यात रोमन लिपीत छोटं नाव टाइप करा, उदाहरणार्थ, pavsali-bhaji.

मग घ्यायचं काय? लोक गुगलवरून येऊन जुने लेख वाचतील असं लिहीत असाल, तर ब्लॉगर आणि स्वतःचं डोमेन. ठरावीक वाचकांनी प्रत्येक लेख वाचावा असं वाटत असेल, तर न्यूजलेटर. पहिले दोन-तीन लेख झाले, की बॅकअप उतरवून उघडून बघा. ब्लॉगर आणि वर्डप्रेसच्या त्या फाइलमध्ये मजकूर असतो, फोटोंच्या मात्र नुसत्या लिंका. तेव्हा मूळ फोटो आपल्या कॉम्प्युटरवर वेगळे जपा. लिंक मेली, की फोटोही गेला!